घंटा वाजली तर बाहेर, जमीन हलली तर खाली

आज मी तुमच्याशी शाळेतल्या एका छोट्या पाठाबद्दल बोलणार आहे. आग लागली किंवा भूकंप झाला तर पहिली ते चौथीच्या मुलांनी काय करायचं, हे त्यांना न घाबरवता कसं शिकवायचं, असा हा पाठ. मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आता निवृत्त आहे आणि आमच्या बचत गटाच्या बायकांबरोबर हा पाठ घेते. तुमच्यापैकी कुणी शाळेत पोषण आहार शिजवतं, कुणी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, आणि बहुतेकींची मुलं-नातवंडं त्या शाळेत आहेत. म्हणून हे तुमच्यापाशी बोलते.

आपला भाग लातूर-धाराशिवचा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, चार वाजायला आले होते आणि किल्लारी-सास्तूर भागातली गावं झोपेत असताना कोसळली. सुमारे ८,००० माणसं गेली. आजही रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि भांडी थरथरली की आपल्या वयाच्या बायका बोलता बोलता थांबतात. आपण काही बोललो नाही तरी मूल आपल्या तोंडाकडे बघत असतं. भीती तिथूनच त्याच्याकडे जाते. म्हणून पहिली गोष्ट ही, की किल्लारीची हकिगत मुलांना या पाठात सांगायची नाही. फोटो दाखवायचे नाहीत. ती गोष्ट आपल्या मोठ्यांसाठी आहे. मुलासाठी फक्त एवढंच, की जमीन कधी कधी हलते, आणि हलली की आपण असं असं करतो.

मी स्वतः एक चूक केली आहे, ती सांगते. पूर्वी एका शाळेत आम्ही मुलांना काही न सांगता एकदम सराव घेतला. कुणीतरी पत्र्यावर काठी आपटली आणि ‘आग, आग, पळा’ म्हणून ओरडलं. मोठी मुलं दाराकडे धावली, दोघी-तिघी पडल्या. पहिलीतला एक मुलगा कुठे दिसेना. शोधलं तर तो गुरुजींच्या टेबलाखाली अंग चोरून बसला होता. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. त्याची आई म्हणाली, तो रात्रभर माझा पदर सोडत नव्हता.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. मुलाला फसवून सराव घेतला तर त्याला फक्त घाबरायची सवय लागते. आणि दुसरी गोष्ट जास्त मोलाची. तो मुलगा टेबलाखाली का गेला? कारण आठवड्यापूर्वीच आम्ही त्याला भूकंपाचं शिकवलं होतं, की टेबलाखाली जा. त्याने शिकवलेलंच केलं होतं, फक्त भलत्या वेळी.

या पाठाची खरी गाठ इथे आहे. भूकंपात जमीन हलत असताना पळायचं नसतं. आहे तिथे खाली बसून डोकं वाचवायचं असतं, कारण हलत्या जमिनीवर मूल पडतं आणि दारापाशी, भिंतीच्या कडेला वरून विटा, कौलं, पत्रे पडतात. आगीत मात्र थांबायचं नसतं, लगेच बाहेर जायचं असतं. लहान मुलं आगीत घाबरली की पलंगाखाली, कपाटात, दाराआड लपतात. धुरात ती कुणाला दिसत नाहीत आणि हाक मारली तरी बोलत नाहीत. म्हणजे एका संकटात जे वाचवतं, तेच दुसऱ्यात घात करतं. दोन्ही एका दिवशी, घाईने शिकवलं तर मुलाच्या डोक्यात काला होतो. म्हणून दोन वेगळ्या खुणा ठरवायच्या आणि दोन्हींचा सराव वेगवेगळ्या दिवशी घ्यायचा.

अलीकडे एका गावातल्या शाळेत आम्ही हा पाठ सहा दिवसांत घेतला, रोज पंधरा मिनिटं. तो जसा झाला तसाच सांगते.

शाळा दोन खोल्यांची, ३८ मुलं. पुढे वऱ्हांडा, मधोमध पायऱ्या. दुसऱ्या खोलीला लागून स्वयंपाकाची खोली, तिथे गॅस. मुलांना काही शिकवण्याआधी गुरुजी, बाई आणि गटातल्या आम्ही चौघी ती वाट चालून बघितली. दुसऱ्या खोलीचं दार अर्धंच उघडत होतं, कारण दारामागे तांदळाची पोती रचलेली होती. खोलीला दार एकच, खिडक्यांना गज. पोती आधी हलवली. मग ठरवलं, की आगीच्या वेळी कुणीही स्वयंपाकखोलीच्या बाजूने जायचं नाही, मधल्या पायऱ्यांनीच उतरायचं, आणि गॅसच्या जवळची म्हणून दुसरी खोली आधी बाहेर निघेल. जमायची जागा ठरली कबड्डीचं मैदान. इमारतीच्या उंचीच्या दुपटीइतकं तरी ते लांब होतं आणि वर विजेची तार, शेजारी पाण्याची टाकी किंवा कुंपणाची भिंत नव्हती. तिथे फक्कीची एक लांब रेघ मारली.

हे वाट बघणं का महत्त्वाचं, ते मोठ्यांसाठी सांगते. तामिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून आग निघाली, गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. शाळेतली आग बहुधा चुलीपाशी किंवा विजेच्या तारांपाशी सुरू होते. मुलांची वाट त्याच दिशेने असता कामा नये.

पहिल्या दिवशी मुलांना फक्त एक गंमत दाखवली. एक परात घेतली. तिच्यात चार काडेपेट्या उभ्या ठेवल्या आणि चार आडव्या. मुलांना विचारलं, परात हलवली तर कोण पडेल? परात हलवली. उभ्या पडल्या, आडव्या जागच्या जागी सरकल्या. एक मुलगी लगेच म्हणाली, ‘मग आपण आडवं व्हायचं!’ झालं. खाली का बसायचं, ते तिनेच सांगितलं. एका मुलाने विचारलं, ‘जमीन का हलते?’ त्याला सांगितलं, की जमिनीच्या खूप खाली मोठे खडक आहेत, ते एकमेकांना ढकलत असतात. कधी कधी ते झटक्याने सरकतात आणि वर आपल्याला हादरा कळतो. शेषनाग, देवाचा कोप असलं काही सांगू नका. मुलाला वाटतं, आपण काही वाईट केलं म्हणून हे झालं.

दुसऱ्या दिवशी भूकंपाच्या तीन क्रिया. वाका, झाका, धरा. वाका म्हणजे गुडघे आणि कोपरं टेकून खाली व्हायचं. झाका म्हणजे डोकं आणि मान झाकायची. टेबल किंवा बाक असेल तर त्याखाली जायचं आणि धरा म्हणजे त्याचा पाय घट्ट धरायचा. तो सरकला तर त्याच्याबरोबर आपणही सरकायचं. आपल्या बऱ्याच शाळांत मुलं सतरंजीवर बसतात, बाक नसतो. मग खिडकी आणि कपाटापासून लांब, आतल्या भिंतीच्या कडेला गोळा होऊन बसायचं आणि दप्तर डोक्यावर-मानेवर धरायचं. खूण म्हणून आम्ही पत्र्याच्या डब्यात खडे घालून खुळखुळा केला. खुळखुळा वाजला की वाका, झाका, धरा. मुलांना नीट सांगितलं, की हा खुळखुळा फक्त सरावाला आहे. खऱ्या वेळी कुणी तो वाजवणार नाही, जमीन हलणं हीच खूण.

खाली बसल्यावर मुलं काय करतात? इकडेतिकडे बघतात आणि घाबरतात. म्हणून त्यांना काम दिलं, सगळ्यांनी संथ आवाजात दोनचा पाढा म्हणायचा. दहा ओळी सावकाश म्हटल्या की साधारण वीस सेकंद होतात. बहुतेक वेळा जोराचा हादरा मिनिटाच्या आत थांबतो, म्हणून पाढा तीनदा म्हणायचा सराव ठेवला. पाढा म्हणताना श्वास आपोआप संथ होतो. शेजारच्याचा आवाज ऐकू येतो, आपण एकटे नाही हे कळतं. बाईंनाही ऐकून कळतं, कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे.

तिसऱ्या दिवशी आग. खूण शाळेची घंटा, पण एकदा टण् नव्हे, न थांबता वाजणारी. घंटा वाजली की उठायचं, रांग करायची, चालत बाहेर. पळायचं नाही, ढकलायचं नाही, बोलायचं नाही आणि परत फिरायचं नाही. दप्तर राहिलं, पाटी राहिली, राहू दे. पुढचं मूल ठरलेलं, शेवटी बाई. पहिल्यांदा सगळी मुलं फक्कीच्या रेघेवर यायला तीन मिनिटांहून जास्त लागली. का? दाराबाहेर ३८ जोड चपला! प्रत्येक मूल दारात वाकून आपली चप्पल शोधत होतं आणि मागची रांग आत अडकली होती. बाई म्हणाल्या, ‘मी रोज या चपला ओलांडते, पण हे कधी लक्षातच आलं नाही.’ चपला ठेवायची जागा वऱ्हांड्याच्या टोकाला नेली आणि मुलांना सांगितलं, की घंटेला चप्पल नाही. दुसऱ्या खेपेला अर्धाही वेळ लागला नाही.

चौथ्या दिवशी धुराचा खेळ, आणि हा मुलांना सगळ्यात आवडला. धूर वर जातो, जमिनीलगत हवा बरी असते. चुलीपुढे बसून स्वयंपाक केलेल्या बाईला हे सांगायला नको. दोघींनी एक जुनी साडी आडवी ताणून मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर धरली. साडी म्हणजे धूर. तिला डोकं न लावता, हातापायांवर रांगत पलीकडे जायचं. मग लपाछपी उलटी खेळलो. मी हाक मारणार, ‘कोण कुठंय?’ आणि मुलांनी लपायचं नाही, मोठ्याने ‘मी इथंय’ म्हणत बाहेर यायचं. जो लपेल तो बाद. टेबलाखाली बसलेला तो मुलगा आठवूनच मी हा खेळ घालते. त्याच दिवशी कपड्याने पेट घेतला तर काय, तेही केलं. पळायचं नाही, कारण पळालं की वाऱ्याने ज्वाळा वाढते. थांबा, खाली झोपा, तोंड हातांनी झाका, लोळा. मुलं सतरंजीवर हसत हसत लोळली.

पाचव्या दिवशी दोन्ही खुणा मिसळल्या. कधी खुळखुळा, कधी घंटा. इथे खरी परीक्षा. घंटा वाजली आणि दुसरीतली दोन मुलं खाली बसली. त्यांना रागावलो नाही, बाद केलं नाही. शेजारच्या मुलाने हात धरून उठवलं, एवढंच. मग सगळ्यांनी म्हटलं, ‘घंटा बाहेर, हलली खाली’, ‘बाहेर’ म्हणताना हात दाराकडे, ‘खाली’ म्हणताना दोन्ही हात डोक्यावर. शब्दाला हालचाल जोडली की लहान मूल विसरत नाही. दहा खेपांत एकही चूक झाली नाही, तेव्हा थांबलो. तुमच्याकडे चुका होत राहिल्या तर सहावा दिवस पुढे ढकला.

सहाव्या दिवशी सगळं जोडून. आधी मुलांना सांगितलं, की आज अकरा वाजता सराव आहे. खुळखुळा वाजला, मुलं खाली, पाढा तीनदा. मग खुळखुळा थांबला. भूकंप थांबला की इमारतीत राहायचं नाही, कारण मागाहून पुन्हा धक्के येतात. बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘दप्तर डोक्यावर, चला.’ इथे दप्तर न्यायचं, कारण वरून काही पडू शकतं. वाटेत मी मुद्दाम पुन्हा खुळखुळा वाजवला. मैदानात पोचलेली मुलं मोकळ्यावर तिथेच खाली बसली. मग हजेरी. ३७! एक मूल कमी. तो चौथीतला मुलगा स्वच्छतागृहात होता, त्याला काही ऐकूच गेलं नव्हतं. तेव्हापासून ठरलं, की स्वच्छतागृह आणि स्वयंपाकखोली बघायचं काम एका ठरावीक मोठ्या माणसाचं, आणि हजेरीचं पुस्तक बाईंच्या हातात. त्या वर्गात एक मुलगी कमी ऐकते. तिच्या शेजारणीचं काम तिच्या खांद्याला हात लावून खूण करण्याचं.

आता मूल घाबरलंय हे ओळखायचं कसं? रडणारं मूल दिसतंच. पण काही मुलं खूप मोठ्याने हसतात, काही कपड्याचं टोक चघळतात, काहींना त्या दिवशी खिचडी जात नाही, काही पुन्हा पुन्हा विचारतात, ‘खरंच होणार का?’ अशा मुलाला खेळातून बाहेर काढू नका, त्याच्याकडे काम द्या. खुळखुळा वाजवायला द्या, पाढा सुरू करायला सांगा. खूण ज्याच्या हातात आहे, त्याला तिची भीती कमी वाटते. आणि प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. ‘काही होणार नाही’ म्हणू नका. म्हणा, ‘कधीतरी होऊ शकतं, रोज होत नाही. झालं तर आपल्याला काय करायचं ते येतं.’ तरीही मूल पुढचे दोन-तीन दिवस नीट जेवत-झोपत नसेल, तर त्याला सरावात फक्त बघू द्या.

आणखी एक काम फक्त आपलं आहे. हादरा बसला की प्रत्येक आई शाळेकडे धावणार. मीही धावेन. पण चाळीस आया एकदम वऱ्हांड्यात घुसल्या तर मुलांची रांग अडेल, आणि कुणाचं मूल कुणी नेलं ते कळणार नाही. म्हणून आमच्या गटाने ठरवलं, की आयांनी हापशापाशी थांबायचं. बाई नाव वाचतील, मूल आईच्या हाती जाईल आणि हजेरीत खूण होईल. सरावाच्या दिवशी आम्ही तिथे खरोखर उभ्या राहिलो. मुलांनी ते बघितलं. आई कुठे भेटेल हे माहीत असलेलं मूल रांग सोडून घराकडे पळत नाही.

शेवटी घराचं. किल्लारीचा भूकंप पहाटे आला होता, शाळेच्या वेळी नव्हे. तेव्हा जास्त माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या जड माळवदाखाली. आजही तुमचं घर तसंच असेल, तर ‘खाली बसा’ हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. अशा घरात तळमजल्यावर असाल, दार चार पावलांवर असेल आणि बाहेर लगेच मोकळं अंगण असेल, तर हादरा कळताच बाहेर पडणं बरं. दार लांब असेल किंवा बाहेर अरुंद बोळ आणि उंच भिंती असतील, तर मजबूत पलंग-टेबलाखाली किंवा त्याला लागून डोकं झाकून बसायचं. चांगल्या बांधणीच्या सिमेंटच्या घरात अंथरुणावर असताना हादरा आला, तर तिथेच पोटाशी पाय घेऊन उशीने डोकं झाकायचं. आपल्या घराला कोणतं लागू, हे मोठ्यांनी बसून ठरवा आणि मुलाला एकच गोष्ट सांगा. दोन-तीन पर्याय सांगितले की मूल जागीच थिजतं. आणि मूल झोपतं त्या जागेच्या वरच्या फळीवर पितळी हंडा, पेटी असेल, तर ती आज रात्रीच खाली घ्या.

पुढच्या मासिक बैठकीला येताना एक परात आणि आठ काडेपेट्या घेऊन या. काड्या घरीच काढून ठेवा. आधी आपण आपसात करून बघू, मग शाळेत जाऊ. नमस्कार.